बहुपदींच्या गुणाकाराची आडवाट

10 लाख सहगुणकांच्या दोन बहुपदी शाळेतल्या रीतीने गुणल्या, तर 1 लाख कोटी गुणाकार करावे लागतात. एफएफटी हेच काम सुमारे 7 कोटींत उरकते. 1965 मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी ही रीत संगणकासाठी मांडली.

युक्ती अशी: बहुपदी थेट गुणायच्याच नाहीत. काही ठिकाणी त्यांच्या किमती काढायच्या, त्या जोडीजोडीने गुणायच्या आणि त्यांवरून उत्तर परत मिळवायचे.

`(1+2x)(3+4x)` घ्या. एककाची चार चतुर्थ मुळे म्हणजे 1, i, −1, −i. तिथे गुणलेल्या किमती येतात 21, −5+10i, 1, −5−10i. त्यांची बेरीज 12. तिला 4 ने भागले की 3, म्हणजेच पहिला सहगुणक. उरलेलेही असेच निघतात: `3+10x+8x²`.

ही मुळेच का? सम आणि विषम घातांची पदे वेगळी केली, की `x` आणि `−x` या दोन्हींसाठी तेच दोन तुकडे पुरतात. एकदा बेरीज, एकदा वजाबाकी. शिवाय मुळांचे वर्ग केले की चाराची दोनच उरतात. दर टप्प्याला काम असे निम्मे होत जाते.

मात्र ठिकाणे कमी पडली तर उत्तर बिघडते. फक्त 1 आणि −1 घेतल्यास `11+10x` मिळते, कारण 8 हा 3 मध्ये मिसळतो. म्हणून ठिकाणे निदान उत्तराच्या सहगुणकांइतकी हवीत.