छत रात्री का तापतं?

मे महिन्यात नागपुरात सूर्य मावळून दोन-तीन तास उलटले, तरी वरच्या मजल्यावरचा पंखा गरम हवाच खाली फेकत असतो. गच्चीने दुपारी शोषलेली उष्णता काँक्रीटच्या स्लॅबमधून हळूहळू खाली उतरते आणि आत पोहोचायला तिला काही तास लागतात. त्यात 26 मेच्या सुमारास नागपुरात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. भिंतींवर ऊन तिरपं पडतं, गच्ची मात्र ते सरळ झेलते. त्यामुळे खर्चाची सुरुवात गच्चीपासून करावी.

शंका असेल तर रात्री नऊच्या सुमारास पंखा बंद करून छताला तळहात लावून पाहावा, मग भिंतींना. छत जास्त चटकत असेल, तर दोषी तेच.

सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, चिकटून राहावा म्हणून त्यात थोडं फेविकॉल घालायचं आणि झाडून धुतलेल्या गच्चीवर दोन-तीन हात द्यायचे. पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परत फेकतो. अहमदाबादेत 2017 पासून गरीब वस्त्यांची छपरं अशीच पांढरी करण्याची मोहीम राबवली गेली. पण धूळ बसली की गुण कमी होतो आणि पावसात चुना धुऊन जातो, म्हणून दरवर्षी नवा हात लागतो. पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी महाग पडते, पण वर्षानुवर्षं टिकते.

कायमचा उपाय म्हणजे उष्णतारोधक थर. एक्सपीएस नावाच्या फोमची फक्त 50 मिलिमीटर जाड शीट उष्णता अडवण्यात सुमारे अडीच मीटर काँक्रीटच्या तोडीची असते! ती स्लॅबच्या वर टाकणं उत्तम, कारण मग स्लॅब तापतच नाही. आधी गळती बंद करून वॉटरप्रूफिंग करायचं, त्यावर शीट फटी न ठेवता बसवायच्या, मग ढाळ देऊन सिमेंटचा थर आणि फरशी. गळती तशीच ठेवून शीट झाकली, तर पाणी नेमकं कुठून येतं हे नंतर शोधणं फार कठीण जातं. आतून साधं थर्माकोल चिकटवणं टाळावंच. ते पटकन पेट घेतं आणि वरचा स्लॅब तापायचा तो तापतोच.

भिंतींमध्ये खरी अडचण पश्चिमेची. तिथे बाहेरून सावली करणं सगळ्यांत गुणकारी. वेल, जाळी किंवा भिंतीपासून चार बोटं सुटं लावलेलं आच्छादन चालतं. नवं घर बांधताना ही भिंत पोकळ्यांनी भरलेल्या हलक्या एएसी ब्लॉकची करावी.

थर उष्णता अडवतो, खोली थंड करत नाही. दुपारी उघड्या खिडकीतून शिरलेली गरम हवा आतच राहते, म्हणून रात्री खिडक्या उघडाव्यात.

यंदाच्या उन्हाळ्यासाठी चुना मार्चमध्येच लावून घ्यावा. पावसाळ्यात गळतीच्या जागा खडूने खुणावून ठेवाव्यात आणि शीटचं काम हिवाळ्यात काढावं.