पुन्हा तेच पान

मार्गारेट वाइज ब्राउन यांचं ‘गुडनाइट मून’ १९४७मध्ये आलं. चित्रं क्लेमंट हर्ड यांची. गोष्ट म्हणावी असं त्यात काही घडत नाही. अंथरुणात पडलेलं सशाचं पिल्लू खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घेतं, एवढंच. खरी करामत चित्रांत आहे. पहिल्या चित्रात घड्याळात सात वाजलेले असतात, शेवटी आठ वाजून दहा मिनिटं. खिडकीत चंद्र वर सरकतो आणि खोलीतला उजेड पानागणिक कमी होत जातो. झोपायला सत्तर मिनिटं घेणारं हे पिल्लू तीन वर्षांच्या कुठल्याही मुलाला आपलंच वाटावं असं आहे.

या खोलीत एक छोटा उंदीर आहे. प्रत्येक रंगीत चित्रात त्याची जागा बदलते. मूल ‘पुन्हा’ म्हणून अडतं ते बहुधा अशाच पानावर. मोठ्यांना कंटाळा येतो. मुलाचं मात्र पहिल्या वाचनात काय चाललंय हे समजण्यातच लक्ष गेलेलं असतं, बारकावे नंतर दिसतात. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. नवे शब्द सगळ्यांच्या कानावर सारखेच पडले, पण त्याच त्या गोष्टी ऐकणाऱ्यांना ते जास्त आले.

तरीही प्रत्येक ‘पुन्हा’ पुस्तकासाठी नसतो. बोट चित्रावर फिरत असेल, पुढचा शब्द मूलच आधी म्हणत असेल, तर ओढ पानाची आहे. नजर तुमच्या चेहऱ्याकडे किंवा दाराकडे असेल, तर भीती तुम्ही उठून जाल याची आहे. अशा वेळी पान पुन्हा वाचण्यापेक्षा दिवा मालवून पाच मिनिटं शेजारी पडणं जास्त उपयोगी.

पानाची ओढ असेल तर सौदा पुस्तक उघडण्याआधी करावा: ‘उंदराचं पान आज दोनदा की तीनदा?’ दोन्ही उत्तरं आपल्याला चालणारी हवीत. तेवढे फेरे त्या पानावरच संपवायचे आणि मग पुढे जायचं. शेवटचं पान मात्र एकदाच, रोज. प्रत्येक फेरीला आवाज थोडा उतरवायचा. ‘उंदीर कुठे लपला?’ हे दिवसा विचारावं. रात्री विचारलं की पेंगुळलेलं मूल ताडकन उठून बसतं. झडपा उघडायची, बटण दाबून आवाज काढायची पुस्तकंही दुपारसाठीच ठेवावीत.

मराठीत माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारखी, घरातल्या माणसांची छोटी पुस्तकं रात्रीला छान जुळतात. अर्थात, दुपारी पाचपर्यंत झोपलेल्या मुलाला साडेआठला कुठलंही पुस्तक झोपवत नाही. तिथे आधी दुपारची झोप आवरावी लागते.