चूक कोणाची, की पद्धतीची? दोषारोपाशिवाय अहवाल कसा लिहायचा

एखादी संगणक सेवा बंद पडली की नंतर तिचा अहवाल लिहितात. त्याला ‘पोस्टमॉर्टम’ म्हणतात. हा अहवाल माणसाला दोष न देता कसा लिहायचा, ते एका खऱ्या घटनेवरून पाहू.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सेवेच्या दुय्यम सर्व्हरवर मुख्य सर्व्हरची नक्कल नव्याने तयार करायचं काम चालू होतं. त्यासाठी दुय्यम सर्व्हरवरचा जुना डेटा पुसायचा होता. अभियंत्याने पुसण्याची आज्ञा दिली, पण ती मुख्य सर्व्हरवर! सुमारे ३०० जीबी डेटा गेला.

यावर दोषारोप करणारं वाक्य असं झालं असतं:

“अभियंत्याने निष्काळजीपणे मुख्य डेटा पुसला. यापुढे सर्वांनी काळजी घ्यावी.”

हे वाचून पुढच्या वेळी काय बदलायचं, ते कळतं का? नाही. म्हणून ‘कोणी केलं?’ ऐवजी ‘हे घडणं शक्य कशामुळे झालं?’ असं विचारायचं.

उत्तरं मिळतात ती अशी. नक्कल करणारा प्रोग्राम मुख्य सर्व्हरकडून डेटा सुरू होण्याची वाट पाहत गप्प थांबतो, हे कामाच्या सूचनांमध्ये लिहिलेलंच नव्हतं. त्यामुळे जुना डेटा आड येतोय असं अभियंत्याला वाटलं. दोन्ही सर्व्हरची नावं `db1` आणि `db2`, म्हणजे फरक एका आकड्याचा. रोजचा बॅकअपही होत नव्हता, कारण डेटाबेसची आवृत्ती ९.६ आणि बॅकअपचा प्रोग्राम ९.२ चा. बॅकअप फसल्याचे ईमेल निघत होते, पण पडताळणीत नाकारले जात असल्यामुळे कोणापर्यंत पोचत नव्हते. शेवटी सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत कामी आली. मधल्या तासांतला डेटा मात्र परत मिळाला नाही.

आता तेच वाक्य पुन्हा लिहू:

“पुसण्याची आज्ञा `db2` ऐवजी `db1` वर चालली. आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत हे पडद्यावर ठळक दिसत नव्हतं. बॅकअप फसल्याची सूचना पोचत नव्हती आणि बॅकअपमधून डेटा परत आणून पाहण्याचा नियमित सराव नव्हता.”

लक्षात घ्या, चूक लपवलेली नाही. कोणती आज्ञा कुठे चालली हे स्पष्ट लिहिलंय. फक्त ‘निष्काळजीपणे’ हा शेरा गेला आणि त्या जागी दुरुस्त करता येतील अशा गोष्टी आल्या.

अहवाल जमला की नाही, हे तपासायला एक प्रश्न पुरतो: त्या खुर्चीत दुसरा माणूस असता, तरी हे कारण खरं ठरलं असतं का? ‘मानवी चूक’ किंवा ‘काळजी घ्यावी’ एवढ्यावरच अहवाल थांबला, तर तो अर्धवट समजावा.

आणि नाव कुठेच नको, असंही नाही. कारणांच्या यादीत माणसाचं नाव नको. उपायांच्या यादीत मात्र हवंच. बॅकअपची चाचणी कोण आणि कधीपर्यंत करणार, हे लिहिलं नाही तर ते काम कोणाचंच राहत नाही.