गहू सोडल्याने खेळाडूचे नेमके काय बदलते?

अमरावती/अकोला : ‘पोळी बंद करा, भाकरी सुरू करा, पोट हलके होईल, दम वाढेल,’ असा सल्ला वऱ्हाडातील व्यायामशाळांमध्ये आणि सकाळच्या धावण्याच्या मैदानांवर अलीकडे सहज दिला जातो. सल्ला घेणाऱ्यांना कोणताही आजार नसतो. गव्हातील ग्लुटेन नावाचा पदार्थ शरीराला सोसत नाही, एवढे त्यांनी ऐकलेले असते. काहींना गहू सोडल्यावर खरोखरच बरे वाटते. मात्र हे बरे वाटणे ग्लुटेन गेल्यामुळे की अन्य कशामुळे, याचा उलगडा फारसा कोणी करीत नाही. तो केला तर ताटातून काय काढायचे आणि काय ठेवायचे, याचा निर्णय बदलू शकतो.

ग्लुटेन म्हणजे गव्हातील प्रथिनांचा एक चिवट समूह. कणकेचा गोळा पाण्याखाली धरून बराच वेळ चोळला, तर पीठूळ भाग वाहून जातो आणि हाती रबरासारखा लगदा उरतो. तेच ग्लुटेन. त्याच्यामुळेच पुरणपोळी न फाटता लाटता येते. ज्वारीत ते नसते, म्हणून भाकरीचे पीठ गरम पाण्यात मळावे लागते, भाकरी थापावी लागते आणि तिच्या कडा तडकतात. सीलिॲक आजार असलेल्या व्यक्तीच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा या ग्लुटेनमुळे स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतील सूक्ष्म केसासारखे उंचवटे झिजतात आणि अन्नातील लोह, कॅल्शियम यांचे शोषण घटते. अशा रुग्णाला गहू आणि सातू आयुष्यभर वर्ज्य असतात. उत्तर भारतात हा आजार साधारण शंभरात एकाला आढळतो, तर दक्षिणेत त्याचे प्रमाण फार कमी आहे. उरलेल्यांच्या आतड्याला ग्लुटेनमुळे अशी इजा होत नाही.

जोकोविचचा दाखला

या प्रथेला जगभर बळ मिळाले ते टेनिसपटू नोव्हाक जोकोविचमुळे. जानेवारी 2010 मध्ये ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात तो त्सोंगाविरुद्ध खेळताना गळून गेला आणि हरला. पुढे एका डॉक्टरच्या सल्ल्याने त्याने गहू सोडला आणि 2011 साली त्याने तीन ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकल्या. ही हकिगत त्याने 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सांगितली आहे. पावाचा तुकडा पोटाशी धरला असता हाताची ताकद कमी झाली, अशी ‘चाचणी’ही त्यात वर्णिलेली आहे. वैद्यकशास्त्रात अशा चाचणीला निदानाचे स्थान नाही. शिवाय गव्हाबरोबर त्याने दुग्धजन्य पदार्थ आणि साखरही कमी केली होती. अनेक गोष्टी एकाच वेळी बदलल्यावर श्रेय कोणत्या एकीला द्यायचे, हे त्या कथेतून ठरवता येत नाही.

ते ठरवण्याचा प्रयत्न ऑस्ट्रेलियातील टास्मानिया विद्यापीठाच्या डाना लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. सीलिॲक आजार नसलेल्या 13 स्पर्धात्मक सायकलपटूंना त्यांनी दोन वेळा सात-सात दिवस ग्लुटेनमुक्त आहारावर ठेवले. एका आठवड्यात त्यांच्या खाद्यवड्यांमध्ये रोज 16 ग्रॅम गव्हाचे ग्लुटेन मिसळले होते, दुसऱ्या आठवड्यात नव्हते. कोणत्या आठवड्यात कोणती वडी आहे, हे खेळाडूंना कळू दिले नव्हते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन्ही आठवड्यांत सायकल शर्यतीतील कामगिरी, पोटाच्या तक्रारी, शरीरातील दाहाची लक्षणे आणि खेळाडूंना स्वतःला वाटणारे बरे-वाईट यांत फरक आढळला नाही. खेळाडू थोडे होते आणि कालावधीही छोटा होता, ही या प्रयोगाची मर्यादा आहे. तरीही ‘गहू सोडताच आठवड्यात दम वाढतो’ या दाव्याला त्यातून आधार मिळत नाही.

मग हलके का वाटते?

याचे पहिले कारण ग्लुटेनऐवजी फ्रुक्टानमध्ये सापडते. गव्हाच्या पिठात साधारण एक ते दोन टक्के फ्रुक्टान नावाचे कर्बोदक असते. माणसाच्या लहान आतड्यात ते पचत नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू ते आंबवतात आणि वायू तयार होतो. नॉर्वेतील संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सीलिॲक आजार नसताना स्वतःहून गहू सोडलेल्या 59 जणांना एका आठवड्यात ग्लुटेन, एका आठवड्यात फ्रुक्टान आणि एका आठवड्यात यांपैकी काहीही नसलेली वडी न सांगता खायला दिली. पोट फुगण्याची तक्रार फ्रुक्टानच्या आठवड्यात सर्वाधिक होती. ग्लुटेनच्या आणि रिकाम्या वडीच्या आठवड्यांत मोठा फरक नव्हता.

वऱ्हाडी ताटात या गोष्टीला फार महत्त्व आहे, कारण फ्रुक्टान कांद्यात आणि लसणातही भरपूर असते. पोळी सोडून झुणका-भाकरी, सोबत कच्चा कांदा आणि लसणाचा ठेचा घेणाऱ्याच्या पोटातील वायू कमी झाला नाही, तर तो ‘अजून कुठेतरी ग्लुटेन राहिले’ असे समजून आणखी पदार्थ सोडत जातो. उलट ज्याला खरोखर फ्रुक्टानचाच त्रास आहे, त्याला गहू पूर्ण सोडण्याचीही गरज नसते. सहा पोळ्यांऐवजी दोन पोळ्या आणि एक भाकरी, तसेच शर्यतीच्या आदल्या रात्री कांदा-लसूण टाळणे, एवढ्यानेही त्याचे भागू शकते.

दुसरे कारण म्हणजे गव्हासोबत ताटाबाहेर जाणारे पदार्थ. गहू बंद म्हटले की बिस्किटे, खारी, टोस्ट, समोसा, कचोरी आणि पाव आपोआप बंद होतात. या पदार्थांतील साखर, तेल आणि मैदा घटल्याचा परिणाम शरीरावर दिसतो आणि त्याचे श्रेय मात्र ग्लुटेनला मिळते.

तिसरे कारण वजनकाट्याचे आहे. स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेल्या कर्बोदकाला ग्लायकोजेन म्हणतात आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. पोळ्या सोडून त्यांची जागा भरली नाही, तर हा साठा घटतो. 300 ग्रॅम ग्लायकोजेन कमी झाले की त्याच्यासोबत सुमारे 900 ग्रॅम पाणी जाते आणि काटा सव्वा किलोने खाली येतो. पोट सपाट दिसते, पण चरबी तेवढीच राहते आणि लांब पल्ल्याच्या धावपटूची शिदोरी मात्र हलकी होते.

एका धावपटूचा हिशेब

समजा, अमरावतीत सराव करणाऱ्या 60 किलो वजनाच्या धावपटूला कठीण सरावाच्या दिवशी किलोमागे सहा ग्रॅम या दराने 360 ग्रॅम कर्बोदके हवी आहेत. दिवसाला तो 30 ग्रॅम कणकेची एक, अशा सहा पोळ्या खातो. या 180 ग्रॅम कणकेतून त्याला सुमारे 115 ग्रॅम कर्बोदके आणि 19 ग्रॅम प्रथिने मिळतात. आता त्याने सहा पोळ्यांऐवजी 60 ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी घेतल्या, तर 120 ग्रॅम ज्वारीतून सुमारे 81 ग्रॅम कर्बोदके आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळतील. म्हणजे रोज 34 ग्रॅम कर्बोदकांची आणि सात ग्रॅम प्रथिनांची तूट. आठवडाभरात ही तूट लांब पल्ल्याच्या सरावात शेवटच्या टप्प्यात पाय जड होण्याच्या रूपाने जाणवू लागते. तिसरी भाकरी घेतली तर हिशेब जवळजवळ जुळतो, कारण वजनास वजन ज्वारी आणि गहू यांची कर्बोदके, प्रथिने आणि तंतू बरेच सारखे आहेत. भाकरीने पोट लवकर भरल्यासारखे वाटते, त्यामुळे तिसरी भाकरी बहुधा टळते. पोळीच्या जागी केवळ काकडी-टमाट्याची कोशिंबीर आली, तर तूट 115 ग्रॅमवर जाते.

भाकरी हा वऱ्हाडासाठी नवा पदार्थ नाही. येथील शेतकरी घरांत ज्वारीच रोजचे धान्य होते. पुढे सोयाबीनने शेते व्यापली, गहू स्वस्त धान्याच्या दुकानातून घरोघर आला आणि भाकरी मागे पडली. ज्वारीच्या वाणांवर संशोधन अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात होते. तेव्हा ज्याला गहू कमी करायचा आहे, त्याने बाजारातील महागडी ग्लुटेनमुक्त पाकिटे घेण्याचे कारण नाही. त्यांतील अनेक पदार्थ तांदळाचे पीठ, साबुदाणा किंवा बटाट्याचा स्टार्च यांपासून केलेले असतात आणि त्यांत प्रथिने व तंतू पोळीपेक्षाही कमी असू शकतात.

कोणी गंभीरपणे घ्यावे?

सारा भर फॅशनवरच टाकला तर खरा रुग्ण निसटतो. गोळ्या घेऊनही न भरून येणारी लोहाची कमतरता, महिनोन्‌महिने चालणारे जुलाब, कारण नसताना घटणारे वजन किंवा आई-वडील-भावंडांपैकी कोणाला सीलिॲक असणे, ही तपासणीची कारणे आहेत. महिला खेळाडूंमध्ये रक्तक्षय ‘नेहमीचाच’ म्हणून सोडून दिला जातो, तेथे हे विशेष लक्षात ठेवावे. तपासणी म्हणजे ‘टीटीजी-आयजीए’ ही रक्तचाचणी. ती गहू सोडण्याआधी करावी लागते. गहू सोडल्यावर रक्तातील ती प्रतिपिंडे घटतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. मग चाचणीसाठी पुन्हा सुमारे सहा आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत गहू खावा लागतो.

निदान झाल्यावर मात्र भाकरीवर जाणे एवढे पुरेसे नसते. गव्हानंतर त्याच चक्कीवर दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ मिसळते, बाजारातील अनेक हिंगांत मैदा असतो आणि रवा, शेवया, दलिया हे सारे गहूच आहेत. आजार नसलेल्या खेळाडूला या काटेकोरपणाची आवश्यकता नाही.

याशिवाय एक दुर्मीळ प्रकार व्यायामाशीच जोडलेला आहे. गहू खाल्ल्यावर काही तासांत धावल्यास काहींच्या अंगावर गांधी उठतात, श्वास अडतो किंवा भोवळ येते; गहू न खाता धावले किंवा गहू खाऊन स्वस्थ बसले, तर काही होत नाही. ही ॲलर्जी प्राणघातक ठरू शकते. असे एकदा जरी घडले तरी घरगुती प्रयोग न करता ॲलर्जीतज्ज्ञाकडे जावे.

यांपैकी काहीही नसेल आणि केवळ पोट फुगण्याची तक्रार असेल, तर दोन आठवडे पोळीच्या वजनाइतक्याच पिठाची भाकरी खावी, बाकी ताट आणि सराव तसाच ठेवावा आणि रोजची तक्रार वहीत लिहावी. नंतर दोन आठवडे पोळीवर परत यावे. फरक स्पष्ट दिसला, तर तिसऱ्या फेरीत पोळी ठेवून कांदा-लसूण कमी करून पाहावा. आपण काय खातो हे माहीत असल्याने मनाचा परिणाम या प्रयोगात उरतोच. तरीही पोळीवर असताना कांदा-लसूण कमी केल्यानेच आराम पडला, तर दोष ग्लुटेनचा नव्हता, एवढे त्या वहीतून कळते.