संस्थापकाने नेमके विकले काय?

कलकत्त्याच्या एकाच भागात तांब्या-पितळेचा धंदा करणारे दोन दुकानदार होते. स्पर्धेला वैतागून एकाने दुसऱ्याला सांगितले, ‘तू इथला धंदा बंद कर, कारागिरांना दिलेली तुझी आगाऊ रक्कम मी भरून देतो.’ दुसऱ्याने दुकान बंद केले. पहिल्याने पैसे दिलेच नाहीत. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि १८७४ मध्ये शब्द पाळणाराच हरला. दोनच वर्षांपूर्वी आलेल्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ सांगत होते, की कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसायापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. बंधन एका वस्तीपुरते होते याने फरक पडला नाही. बंधनच रद्द, तर त्याच्या बदल्यातले पैसे कुठले मिळणार?

हेच कलम आज स्टार्टअपच्या संस्थापकाने सही केलेल्या करारालाही लागू आहे. इंग्लंडमध्ये न्यायाधीश बंधन वाजवी आहे का, हे तपासतात. थॉर्स्टन नॉर्डनफेल्ट या तोफा-बंदुकांच्या कारखानदाराने १८८८ मध्ये धंदा विकताना २५ वर्षे स्पर्धा न करण्याचे कबूल केले होते. बंधन जवळपास साऱ्या जगाला लागू होते, तरी हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८९४ मध्ये ते वैध ठरवले. आपल्या कलमात ‘वाजवी’ या मोजपट्टीला मुळात जागाच नाही. ती फक्त अपवादात येते, आणि संस्थापकांचे बहुतेक वाद त्या अपवादाच्या उंबरठ्यावरच घडतात.

समजा, पुण्यात दोन मैत्रिणींनी रुग्णालयांच्या बिलांसाठी सॉफ्टवेअर करणारी कंपनी काढली. एक तंत्रज्ञान बघते, दुसरी विक्री. गुंतवणूकदाराने सहा कोटी रुपये घातले आणि कंपनीने त्याला नवे शेअर दिले. करारात ओळ आली: संस्थापक कंपनीत असेपर्यंत आणि सोडल्यानंतर दोन वर्षे भारतात कुठेही असा व्यवसाय करणार नाही. तीन वर्षांनी तंत्रज्ञान बघणारीचे संचालक मंडळाशी बिनसले. ती बाहेर पडली आणि चार महिन्यांत तिने तशीच नवी कंपनी काढली. करारात लवादाची तरतूद होती, म्हणून जुनी कंपनी लवाद कायद्याच्या कलम ९ खाली तातडीचा मनाई हुकूम मागायला न्यायालयात गेली.

‘कंपनीत असेपर्यंत’ हा ओळीचा पहिला भाग टिकतो. त्याचा दाखला आपल्या कल्याणचा आहे. सेंच्युरी कंपनीने परदेशी कंपन्यांकडून टायरमध्ये वापरल्या जाणाऱ्या धाग्याचे तंत्र गुप्त राखण्याच्या अटीवर घेतले होते. तिथले शिफ्ट सुपरवायझर निरंजन गोलिकरी पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून राजस्थानातल्या प्रतिस्पर्ध्याकडे गेले. कल्याणच्या न्यायालयाने दिलेली मनाई १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. पण ती मनाई किती आखीव होती, ते बघण्यासारखे आहे. उरलेल्या मुदतीपुरती, आणि त्या धाग्याच्या उत्पादनाशी संबंधित कामापुरतीच. आपली संस्थापक संचालकपदावर असताना लपून दुसरी कंपनी चालवत असती, तर तिलाही असेच रोखता आले असते. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्यातले संचालकाचे हितसंबंधांविषयीचे कर्तव्य होतेच.

‘सोडल्यानंतर दोन वर्षे’ हा भाग मात्र कोसळतो. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याचे व्यावसायिक काम पाहणारी पर्सेप्ट कंपनी यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले, की करार संपल्यानंतरही माणसाला बांधून ठेवणारी अट कलम २७ मध्ये अडकते. ती वाजवी आहे म्हणून वाचत नाही. त्या काळाचा पगार देऊन घरी बसवण्याची युक्तीही मुंबई उच्च न्यायालयाने मानली नव्हती.

इथे गुंतवणूकदाराचे वकील म्हणतात, ही काही साधी नोकरदार नाही; मालकीण आहे, वकील लावून वाटाघाटी केल्या आहेत, कोट्यवधींचा लाभ घेतला आहे. युक्तिवाद वजनदार वाटतो. मला विचाराल, तर त्याचे उत्तर एका साध्या प्रश्नात आहे: सहा कोटी कुणाच्या खात्यात गेले? ते कंपनीच्या खात्यात गेले. तिने स्वतःचा एकही शेअर विकला नाही. मग कलम २७ चा एकमेव अपवाद तिला कसा लागू होणार? तो अपवाद व्यवसायाचे गुडविल, म्हणजे नावलौकिक, विकणाऱ्यासाठी आहे.

आता चित्र बदलून पाहू. त्याच दोघींनी कंपनीतले आपले सगळे शेअर मोठ्या समूहाला विकले, किंमत दोघींच्या खात्यात आली, आणि त्या किमतीत नावलौकिक धरला असल्याचे करारात लिहिले. मग दुसऱ्या दिवशी शेजारी तोच धंदा उघडला, तर खरेदीदाराने पैसे कशाचे मोजले? म्हणून कायदा इथे बंधन मान्य करतो. त्यासाठी क्षेत्राची हद्द ठरलेली हवी, धंद्याचे स्वरूप पाहता ती न्यायालयाला वाजवी वाटायला हवी, आणि खरेदीदार त्या हद्दीत तसा धंदा करत असायला हवा. बिलांच्या सॉफ्टवेअरची विक्री झाली असताना ‘आरोग्याशी संबंधित कोणताही व्यवसाय’ अशी ऐसपैस भाषा लिहिली, तर ती फार काळ टिकणार नाही.

भागीदारी संस्थेत आणखी थोडी मोकळीक आहे. भागीदारी कायद्याचे कलम ३६ बाहेर पडणाऱ्या भागीदारावर वाजवी बंधन घालू देते. मैत्रिणींची कंपनी मर्यादित दायित्वाची असल्याने ती सोय त्यांना लागू नाही.

स्पर्धेची अट कोसळली, तरी गोपनीयतेची अट नोकरी सुटल्यावरही उभी राहते, कारण ती धंदा करण्याला मनाई करत नाही, दुसऱ्याचे गुपित वापरण्याला करते. म्हणून स्पर्धेच्या अटीवर हरलेली कंपनी लगेच गोपनीयतेच्या दारातून आत शिरू पाहते, आणि तिथेही बऱ्याचदा अडखळते. ‘आमची सर्व माहिती गुप्त आहे’ एवढे म्हणून भागत नाही. ‘झोंबिवली’ या मराठी चित्रपटाविरुद्ध २०२१ मध्ये आपली कल्पना चोरल्याचा दावा घेऊन एक लेखक मुंबई उच्च न्यायालयात आला, तेव्हा त्याला मनाई हुकूम मिळाला नाही. नेमके काय गुप्त आहे, हे काटेकोरपणे दाखवावे लागते. ती माहिती विश्वासाने दिली होती आणि परवानगीशिवाय वापरली गेली, हेही.

आपल्या संस्थापकाच्या डोक्यातले कौशल्य, म्हणजे रुग्णालयाचा लेखापाल कुठे चुकतो, विम्याचा दावा कुठे अडतो ही जाण, तिची स्वतःची आहे. पण शेवटच्या आठवड्यात तिने प्रोग्रामचा मूळ कोड किंवा ग्राहकांच्या दरांचा तक्ता स्वतःच्या खासगी मेलवर पाठवला असेल, तर त्या एका नोंदीवर मनाई हुकूम मिळू शकतो. न्यायालयात ‘ती प्रतिस्पर्धी आहे’ या आरोपापेक्षा तारीख-वेळेसह असलेली डाउनलोडची नोंद कितीतरी बोलकी ठरते.

जाणते गुंतवणूकदार हे ओळखूनच दोन वर्षांच्या अटीवर विसंबत नाहीत. ते संस्थापकाचे शेअर चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मोकळे होतील असे ठरवतात, किंवा विक्रीच्या रकमेचा काही भाग नंतर देण्यासाठी राखून ठेवतात. दडपण पैशातून येते, मनाई हुकुमातून नव्हे.

म्हणून सही करण्यापूर्वी, संस्थापकहो, कलमांच्या गर्दीत तीन गोष्टी शोधा: पैसे तुमच्या खात्यात येणार की कंपनीच्या, किमतीत नावलौकिक धरला आहे का, आणि ‘गोपनीय’ शब्दाखाली नेमकी कोणती कागदपत्रे व कोणता कोड मोजला आहे. आणि कंपनी सोडताना लॅपटॉप जसाच्या तसा परत करा, पोचपावती घ्या.