तुझे ९६८ राहिलेत गं

फ्लॅटमध्ये चारजणी राहत असतील तर विजेचं बिल भरणारी एकच असते. उरलेल्या तिघींकडून पैसे मागायचं कामही तिच्याकडेच येतं. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती मी. बिल भरायला दोन मिनिटं लागतात. त्यानंतर ग्रुपवर काय लिहायचं, यावर मात्र मी कधी कधी अर्धा तास घालवला आहे. ‘पैसे द्या’ लिहिलं तर वसुलीवाली वाटते, ‘सवडीने द्या’ लिहिलं तर पैसे खरोखरच सवडीने येतात, म्हणजे पुढचं बिल आल्यावर. बऱ्याच चुकांनंतर मला एक गोष्ट कळली. निरोपातला आकडा पक्का हवा आणि क्रियापद मऊ हवं. आपण नेमकं उलटं करतो. आकडा मोघम ठेवतो आणि मग तिसऱ्या आठवड्यात आवाज चढवतो.

गेल्या मे महिन्याचं बिल घेऊन हे सांगते, कारण उन्हाळ्याचं बिल सरळ चार भागांत कापता येत नाही. मुग्धा आणि रेश्माच्या खोलीत एसी आहे. माझ्या आणि मंजिरीताईंच्या खोल्यांत नाही. शिवाय रेश्मा त्या महिन्यात नऊ दिवस सांगलीला घरी होती.

पहिला घोळ बिलाच्या कागदावरच होतो. महावितरणच्या बिलावर भरायच्या तीन रकमा छापलेल्या असतात. लवकर भरलं तर थोडी सूट मिळून एक रक्कम, देय तारखेपर्यंत दुसरी आणि त्यानंतर विलंब आकारासह तिसरी. आमच्या बिलावर २,९६०, २,९८० आणि ३,०२० असे आकडे होते. मी सुटीच्या मुदतीत २,९६० भरले. एकीने बिलाचा फोटो बघून २,९८० भागिले चार केलं, दुसरीने माझी पावती बघून २,९६० भागिले चार. पाच रुपयांचा फरक आणि त्यावर सोळा मेसेज. तेव्हापासून मी फक्त भरल्याची पावती टाकते. खिशातून जेवढे गेले तेवढेच वाटायचे. आधी सगळ्यांकडून गोळा करून मग भरायचं ठरवलं तर एकीच्या उशिरामुळे सूटही जाते आणि चौघींवर विलंब आकारही बसतो. म्हणून आधी भरायचं आणि त्याच दिवशी मागायचं. तीन दिवसांनी मागितलेले पैसे मागणारीलाच जड वाटायला लागतात.

आता वाटणी. एकूण युनिट २६०. एसीच्या प्लगला आम्ही युनिट मोजणारा छोटा मीटर लावला आहे, त्यावर ८० दिसत होते. असा मीटर नसेल तर रोज किती तास एसी चालला हे कॅलेंडरवर लिहावं. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट घेतो, तेवढ्या अंदाजावर घरातला हिशेब निभावतो.

एसीच्या ८० युनिटांचे पैसे किती, इथे दोन उत्तरं निघतात आणि भांडण होतं ते इथेच. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, १०१ ते ३०० युनिटांचा त्याच्या दुपटीच्या आसपास. मुग्धाच्या हिशेबाने २,९६० भागिले २६०, म्हणजे युनिटला सरासरी ११ रुपये ३८ पैसे, आणि ८० युनिटांचे साधारण ९१०. मंजिरीताईंचं म्हणणं वेगळं होतं. एसी नसता तर बिल १८० युनिटांचं, १,८९० च्या आसपास आलं असतं, म्हणजे एसीमुळे १,०७० वाढले. दोघींचंही गणित बरोबर आहे. एसीची युनिटं वरच्या महाग टप्प्यात पडतात, म्हणून ताईंचा आकडा मोठा. माझं मत सरासरीच्या बाजूने आहे, कारण शंभराच्या पुढे जायला आमच्या चौघींचा गीझर आणि फ्रिजही तितकेच कारणीभूत आहेत. पण कुठलीही रीत चालेल, ती मार्चमध्ये, एसी सुरू होण्याआधी ठरलेली असली म्हणजे झालं. बिल हातात आल्यावर रीत ठरवायला बसलं की प्रत्येकीला स्वतःची बाजू दिसते. आम्ही मार्चमध्ये सरासरी ठरवली होती, आणि ताईंनी नंतर एकदाही १,०७० काढले नाहीत.

तर एसीचे ९१० बाजूला काढले. उरले २,०५०, चौघींत प्रत्येकी ५१२ रुपये ५० पैसे. एसीवाल्या दोघींचे प्रत्येकी ४५५ अधिक, म्हणजे ९६७ रुपये ५० पैसे. पन्नास पैसे आमच्याकडून खाली, एसीवाल्यांकडून वर. मी ५१२, ताई ५१२, मुग्धा ९६८, रेश्मा ९६८. बेरीज करून पाहा, बरोबर २,९६० येते. निरोप पाठवण्याआधी ही उलटी बेरीज मी दर वेळी करते. एक रुपयाही चुकला तर आपल्या आकड्यावरचा विश्वास जातो आणि पुढच्या महिन्यापासून तिघीही कॅल्क्युलेटर काढतात.

रेश्माच्या नऊ दिवसांचं काय? आमच्याकडे पंधरा दिवसांच्या आतली गैरहजेरी धरत नाहीत. फ्रिज आणि वायफाय सुरूच असतात, स्थिर आकार कुणी घरी असो वा नसो लागतोच. तिच्या एसीचे तास कमी झाले ते दोघींच्या ८० युनिटांत आपोआप आले. ते त्या दोघींनी आपसात बघायचं.

मग मी ग्रुपवर लिहिलं ते असं:

‘मेचं वीजबिल आज भरलं, २,९६० रु. पावती खाली आहे.
एसी ८० युनिट = ९१०, बाकी २,०५० चौघींत.
मंजिरीताई ५१२
मुग्धा ९६८
रेश्मा ९६८
२० तारखेपर्यंत माझ्या नेहमीच्या नंबरवर, नोटमध्ये “मे वीज” लिहा. फ्रिज सगळ्यांचा आभारी आहे, त्याच्यातली कैरीची डाळ कुणाची ते मात्र तो सांगत नाही.’

पहिल्या सगळ्या ओळी कोरड्या आहेत आणि तशाच असाव्यात. गंमत शेवटच्या ओळीत आहे आणि ती फ्रिजवर आहे, माणसावर नाही. ‘कुबेरकन्यांनो, कृपा करा’ असं कधी तरी मीही लिहिलं होतं. ज्या मुलीला त्या महिन्यात खरंच ओढाताण होती, तिला ते लागलं. पैशावर विनोद करायचा नाही, हे मी तेव्हा शिकले. प्रत्येकीच्या नावापुढे तिचाच आकडा असावा हेही तितकंच महत्त्वाचं. ‘सगळ्यांनी आपापले टाका’ असं लिहिलं की आपापले म्हणजे किती, हे शोधण्याचं काम तिच्यावर पडतं आणि ते ती संध्याकाळवर ढकलते.

मुग्धाने अंगठा दिला. अंगठा म्हणजे वाचलं, पैसे टाकले असं नाही. हे मनात पक्कं ठेवलं की चिडचिड निम्मी होते. ताईंचे ५१२ दहा मिनिटांत आले आणि मी लगेच यादीत त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण करून यादी पुन्हा टाकली. या एका कृतीने मुग्धालाही आठवण झाली, वेगळं काही लिहावं लागलं नाही. खूण करण्याआधी मी बँकेच्या खात्यात रक्कम जमा दिसते का ते बघते. यूपीआयचा व्यवहार कधी कधी अडकतो. तिच्या फोनवर प्रक्रियेत दिसतो, माझ्याकडे काहीच नसतं, आणि दोघींनाही वाटतं समोरचीने लक्ष दिलं नाही.

पूर्वी अॅपमधून थेट मागणी पाठवता यायची, समोरचीने पिन टाकला की पैसे आले. फसवणुकीसाठी तिचा वापर होऊ लागल्यामुळे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी कलेक्ट रिक्वेस्ट पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. त्यामुळे आता आपल्या शब्दांवरच भिस्त.

एकवीस तारखेला रेश्माचे राहिले होते. दुसरी आठवण ग्रुपवर करायची नाही. तिथे दोन नावांपुढे खुणा आणि एका नावापुढे रिकामी जागा दिसतेच आहे, त्यात पुन्हा तिचं नाव घेतलं की ती चौकात उभी केल्यासारखी होते. मी तिला एकटीला लिहिलं, ‘रेश्मा, मे विजेचे तुझे ९६८ राहिलेत गं. आज टाकतेस की दुसरी तारीख धरू?’

या वाक्यात मराठीने मला फार मदत केली. ‘तू पैसे दिले नाहीस’ यात तू आधी येतेस आणि चूक तुझी होते. ‘पैसे राहिलेत’ म्हटलं की राहिले ते पैसे, माणूस नाही. अर्थ तोच, आकडा तोच. ताईंना लिहायची वेळ आली असती तर ‘ताई, तुमचे ५१२ राहिलेत, आज पाठवाल का?’ असं लिहिलं असतं. त्या वयाने दहा वर्षांनी मोठ्या आहेत, त्यांना ‘टाका’ म्हणणं माझ्या तोंडी येत नाही. मी टाळते ते शब्द म्हणजे ‘जमलं तर’, ‘घाई नाही’ आणि ‘बघ जरा’. ते आपण स्वतःचा संकोच झाकायला वापरतो आणि समोरची ते शब्दशः घेते. मग तिचा दोष काढता येत नाही.

दुसरा भाग, ‘की दुसरी तारीख धरू’, हाही मुद्दाम घातलेला आहे. पैसे नसतील तर तिला सांगायला वाट हवी. रेश्माचा फोनच आला. पगार एक तारखेला, आणि घरी वडिलांच्या दातांचा खर्च निघाला होता. शिवाय तिने मला मागच्या आठवड्यात भाजीचे १२० दिले होते, ते वळते करायचे का, असं तिने विचारलं. वळते करायला हरकत नाही, फक्त ते लिहून ठेवायचं. नाही तर महिन्याने कुणालाच आठवत नाही की ८४८ हा आकडा आला कुठून. मी लिहिलं, ‘९६८ वजा भाजी १२० = ८४८. आता ४०० आले. राहिले ४४८, १ तारखेला. संध्याकाळी मीच आठवण करते.’ शेवटचं वाक्य वाचून ती म्हणाली, ‘हो, करच, मी विसरते.’

एक तारखेला संध्याकाळी सात वाजता मी फक्त ‘४४८ 🙂’ एवढंच पाठवलं. साडेसातला पैसे आले, नोटमध्ये ‘मे वीज, संपली’ असं लिहिलेलं. मी ग्रुपवरच्या यादीत तिसरी खूण केली आणि एसीच्या प्लगवरच्या मीटरचा नवा फोटो काढून मुग्धाला पाठवला. जूनचे २१ युनिट झाले होते.