आजीचं बोट आणि पडद्यावरचा नातू

शिकायला जर्मनीला जाण्याआधी नातवाने आजीला स्मार्टफोन घेऊन दिला. सातारा जिल्ह्यातल्या गावात राहणाऱ्या या आजीने तोवर फक्त बटणांचा फोन वापरलेला. नव्या फोनची रिंग वाजली की ती हिरव्या खुणेवर बोट घट्ट दाबून धरायची, आणि कॉल काही उचलला जायचा नाही. "माझ्या हाताला हे जमायचं नाही," म्हणून चार दिवसांत फोन कपाटात गेला.

अडचण समजेची नव्हतीच, बोटाची होती. टच स्क्रीनला जोर कळत नाही. काचेखाली सूक्ष्म विद्युतभार असतो आणि त्वचा टेकली की त्यात जो बदल होतो, तेवढाच फोनला समजतो. जन्मभर शेतात आणि चुलीपुढे राबलेल्या बोटाची कातडी कोरडी, जाड झालेली असते. तिचा स्पर्श फोनला नीट पोचत नाही. नखाचा तर अजिबातच नाही. त्यात बोट जास्त वेळ टेकून राहिलं की फोन ते 'दाबून धरणं' समजतो आणि भलतंच काहीतरी उघडतो.

शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने हे बरोबर ओळखलं. तिने आजीला बोटाचं टोक सोडून पेर टेकवायला सांगितलं, तेही हात किंचित ओलसर पुसून. मग सेटिंग्जमध्ये Accessibility उघडून Touch & hold delay हा पर्याय Long वर नेला. आता बोट जरा रेंगाळलं तरी चालतं. फोन लॉक असताना व्हॉट्सॲपचा कॉल आला, तर हिरवी खूण दाबायची नसते, वर सरकवायची असते. ते तिने आजीचं बोट धरून पुन्हापुन्हा करून घेतलं. आजीने स्वतः कॉल लावायचा तर नावांची यादी धुंडाळावी लागू नये, म्हणून नातवाच्या चॅटचा शॉर्टकट, त्याच्या फोटोसकट, पहिल्याच पानावर आणून ठेवला.

पहिला कॉल लागला आणि आजीने सवयीने फोन कानाला लावला.

"आजी, मला तुझा कान दिसतोय!"

फोन समोर धरल्यावरही चेहरा काळाच दिसत होता, कारण ती खिडकीकडे पाठ करून बसली होती. कॅमेरा मागच्या प्रकाशाला जुळवून घेतो आणि माणूस अंधारात जातो. खिडकीकडे तोंड केल्यावर नातवाला आजीच्या कपाळावरचं कुंकूसुद्धा दिसलं. हात भरून येऊ नये म्हणून फोन आता डब्याला टेकवून ठेवतात.

अनोळखी नंबरांचे कॉल वाजू नयेत, यासाठी व्हॉट्सॲपमध्ये Silence unknown callers ही सोय आहे. तीही मुलीने सुरू करून दिली. आजीसारख्यांना फसवणारे बरेचदा व्हिडिओ कॉलवरूनच येतात, त्यामुळे हे काम पहिल्याच दिवशी करावं.

नातू तिकडे दुपारी चारला मोकळा होतो, तेव्हा इथे साडेसात वाजलेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळं तासभर मागे गेली आणि कॉल साडेआठवर गेला. तेव्हापासून आजी जेवण आधी उरकून घेते.